३,९३९ रुपये कोणाच्या हातात?

नाशिकहून पेठला जाणारा रस्ता पुढे धरमपूरकडे, गुजरातेत जातो. रोज सकाळी या रस्त्याने सावळघाट ओलांडणाऱ्या गाड्यांत शिक्षक असतात, ग्रामसेवक असतात, आरोग्य केंद्रातल्या नर्स असतात. नोकरी पेठ तालुक्यात आणि बिऱ्हाड नाशकात, पंचवटीत पेठ रोडला नाहीतर म्हसरूळला. याला सगळे ‘अप-डाऊन’ म्हणतात. पेट्रोलचा खर्च चौघा-पाचांत वाटून घेणाऱ्या या माणसांत आणखी एक गोष्ट सारखी असते. ज्या फ्लॅटमधून ते सकाळी निघतात, त्यावर बहुधा गृहकर्ज असते.

अशा घरात कधीतरी एकरकमी पैसे येतात. वेतनाचा फरक मिळतो, एलआयसीची पॉलिसी पिकते, भिशी लागते. ते कर्जात भरायचे ठरते, पण बँकेच्या टेबलावर लगेच प्रश्न येतो: “मॅडम, हप्ता कमी करायचा की मुदत?” बहुतेकांनी तोवर एवढाच विचार केलेला असतो की पैसे भरायचे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र टेबलासमोर बसून दोन मिनिटांत दिले जाते, आणि पुढची दहा-पंधरा वर्षे त्यावर ठरतात.

या प्रकरणापुरते एक कुटुंब डोळ्यांपुढे आणू. कुटुंब कल्पनेतले आहे, आकडे मात्र रीतसर मांडलेले आहेत. बाई करंजाळीजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहेत, वय ४७. पती सातपूरला एका खासगी कंपनीत आहेत आणि कर्जात सहकर्जदार आहेत. पाच वर्षांपूर्वी दोघांनी मिळून २५ लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी घेतले. व्याज ८.५ टक्के, बदलत्या दराचे. हप्ता २१,६९६ रुपये. हिशेब कळावा म्हणून सध्या असे धरू की पाच वर्षांत दर हललाच नाही.

६० हप्ते भरून झाले, म्हणजे १३ लाखांहून थोडे जास्त बँकेत गेले. खातेउताऱ्यात मुद्दल किती उरले आहे? २२,०३,१८० रुपये. तेरा लाख भरून मुद्दल तीन लाखांनीसुद्धा कमी झालेले नाही. हे पाहून पुष्कळांना फसवल्यासारखे वाटते, पण फसवणूक इथे कुठेच नाही. दर महिन्याला बँक उरलेल्या मुद्दलावर त्या महिन्याचे व्याज लावते. आज ते १५,६०६ रुपये होते. २१,६९६ च्या हप्त्यातून हे व्याज आधी वळते केले की मुद्दलात जायला उरतात जेमतेम ६,०९० रुपये. सुरुवातीच्या वर्षांत तर याहूनही कमी उरत होते.

आता बाईंची पॉलिसी पिकली आहे, त्यात थोडा फरक मिळवून चार लाख रुपये जमले आहेत. ते भरले की मुद्दल १८,०३,१८० होईल. इथे दोन वाटा फुटतात.

पहिली वाट म्हणजे हप्ता २१,६९६ चाच ठेवायचा. उरलेल्या १८० हप्त्यांऐवजी कर्ज १२६ हप्त्यांत संपते. ५४ हप्ते, म्हणजे साडेचार वर्षे वाचतात. आजपासून पुढे जे व्याज द्यावे लागले असते, त्यात सुमारे ७ लाख ७४ हजारांची घट होते.

दुसरी वाट म्हणजे १८० हप्ते तसेच ठेवायचे आणि हप्ता उतरवायचा. तो १७,७५७ होतो. महिन्याला ३,९३९ रुपये हातात राहतात. व्याजातली घट ३ लाख ९ हजारांची.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की बँकेतला अधिकारी, शाळेतले सहकारी, मोबाइलवरचा व्हिडिओ, सगळे एकच सांगतात: मुदत कमी करा, साडेचार लाखांहून जास्त फायदा आहे. सल्ला पुष्कळदा बरोबर निघतो. त्यामागचे कारण मात्र चुकीचे आहे, आणि कारण चुकीचे असले की ज्याच्यासाठी सल्ला योग्य नाही तोही तो मुकाट्याने घेतो. म्हणून इथे थोडे थांबू.

दुसऱ्या वाटेवर व्याज कमी वाचले, पण महिन्याला ३,९३९ रुपये परत मिळाले, तेही १८० महिने. बेरीज होते ७ लाख ९ हजार. म्हणजे बाईंनी चार लाख दिले आणि पंधरा वर्षांत सुटे सुटे सात लाख नऊ हजार परत घेतले. पहिल्या वाटेवर साडेदहा वर्षे काहीच परत मिळाले नाही. मग एकदम पुढचे ५४ हप्ते भरायचे राहिले नाहीत, म्हणजे सुमारे ११ लाख ७४ हजार मिळाल्यासारखे झाले. रक्कम मोठी दिसते, कारण ती उशिरा मिळाली आणि तोवर व्याजावर व्याज धरले गेले. दोन्हीकडे त्या चार लाखांना मिळालेला दर एकच आहे, वर्षाला ८.५ टक्के. कर्जाचाच दर.

परसात घेवड्याचा वेल लावला तर आठवड्याला शेंगा खुडता येतात. भात लावला तर दिवाळीच्या सुमारापर्यंत हात लावायचा नाही, मग रास एकदम घरात येते. खुडलेल्या शेंगा आणि भाताची रास एकाच तागडीत टाकून भात जास्त पिकला म्हणणारा शेतकरी पेठ तालुक्यात सापडणार नाही. व्याजबचतीचे दोन आकडे तुलनेला ठेवताना आपण नेमके तेच करतो.

मग फरक कशात आहे? महिन्याच्या त्या ३,९३९ रुपयांत. पहिल्या वाटेवर ते दर महिन्याला आपोआप मुद्दलात जातात. दुसऱ्या वाटेवर ते आधी तुमच्या हातात येतात, आणि पुढे त्यांचे काय होते यावर सगळे ठरते.

समजा बाईंनी दुसरी वाट घेतली, हप्ता १७,७५७ चा करून घेतला, आणि तरीही दर महिन्याला वरचे ३,९३९ रुपये मुद्दलात भरत राहिल्या. कर्ज कधी संपेल? बरोबर १२६ व्या महिन्यात. व्याजाची घट तीच, ७ लाख ७४ हजार. बँकेच्या खात्याला हप्ता कोणता आणि जादा भरणा कोणता यात भेद नसतो. महिन्याला एकूण किती आले एवढेच मुद्दल पाहते.

आता समजा ते पैसे कर्जात न भरता रिकरिंगमध्ये टाकले, ७ टक्के दराने. १२६ महिन्यांनी साधारण ७ लाख ३० हजार जमतील. त्या दिवशी कर्ज अजून ७ लाख ९४ हजार बाकी असेल. म्हणजे ६४ हजार कमी पडले, आणि रिकरिंगच्या व्याजावरचा कर यात धरलेलाच नाही. कर्जाच्या दराइतका दर करानंतर मिळाला तरच बरोबरी होईल. आणि ते पैसे घरखर्चात विरून गेले तर १२६ व्या महिन्यात हातात काही नाही आणि कर्ज जवळजवळ आठ लाख. साडेचार लाखांचा जो फरक सगळे सांगतात तो खरे तर या शेवटच्या शक्यतेचा आहे. तो दुसऱ्या वाटेचा दोष नाही, खर्च झालेल्या पैशांचा हिशेब आहे.

हे कळले की प्रश्न बदलतो. कोणती वाट स्वस्त, हे विचारायचे राहत नाही. दर महिन्याचे ३,९३९ रुपये सक्तीने जावेत की माझ्या मर्जीने, एवढाच प्रश्न उरतो.

सक्ती आणि मर्जी यांत एक मोठी असमानता आहे, आणि ती टेबलावर कोणी सांगत नाही. हप्ता कमी केलेला माणूस कोणत्याही महिन्यात जास्त भरू शकतो. मुदत कमी केलेल्याला एखाद्या महिन्यात कमी भरता येत नाही. सातपूरची कंपनी बंद पडली, पतीचा पगार थांबला, तर २१,६९६ चा हप्ता २१,६९६ च राहतो. चुकला की दंड लागतो, सिबिलवर नोंद होते. अशा वेळी मुदत पुन्हा वाढवून मागितली तर बँक सगळे नव्याने तपासते, आणि अडचणीपोटी केलेली मागणी कर्जाची पुनर्रचना ठरू शकते. ती नोंदही पुढच्या कर्जाला आड येते. म्हणून ज्याची मिळकत डळमळीत आहे, कंत्राटी नोकरी आहे, हंगामी धंदा आहे, किंवा वर्ष-दोन वर्षांत मुलांच्या शिक्षणाचा मोठा खर्च दारात आहे, त्याने हप्ता कमी करून घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. चांगल्या महिन्यांत जादा भरावे. मुदत आपोआप आखडत जाते आणि वाईट महिन्यासाठी मोकळीक हाती राहते.

या मोकळिकीला एक अट आहे. लहान लहान रक्कम भरू देण्याची पद्धत तुमच्या बँकेत असली पाहिजे. काही संस्था ठरावीक रकमेखाली अंशतः परतफेड घेत नाहीत, काही वर्षातून मोजक्याच वेळा घेतात. तसे असेल तर ३,९३९ रुपये बचत खात्यात साठवून वर्षाकाठी एकदम ४७ हजार भरावेत. व्याजाचा थोडा फटका बसतो, पण वाट बंद होत नाही.

दंडाची भीती मात्र आता बाळगू नये. बदलत्या दराच्या गृहकर्जावर बँकांनी मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्येच सांगितले. जुलै २०२५ च्या निर्देशांनी, १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांसाठी हा नियम सर्व संस्थांसाठी एकत्र आणि अधिक पक्का केला. व्यक्तीने धंद्याव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर असा आकार लागत नाही, मग पैसे कुठूनही आणलेले असोत. स्थिर दराच्या कर्जाची गोष्ट वेगळी. तिथे करारपत्र वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत.

आता आपल्या शिक्षिकेकडे परत येऊ. त्यांच्या बाबतीत तागडी दुसरीकडे झुकते, आणि त्याचे कारण त्यांचे वय आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची निवृत्ती ५८ व्या वर्षी. आज त्या ४७ च्या आहेत. १८० हप्ते ठेवले तर कर्ज ६२ व्या वर्षापर्यंत चालेल, म्हणजे चार वर्षे पगाराशिवाय. १२६ हप्त्यांत ते साडेसत्तावन्नाव्या वर्षी संपते. पगार बंद होण्याआधी सहा महिने. त्यांचा पगार पक्का आहे आणि पैसे हातात आले की खर्च होतात हे त्या स्वतःच सांगतात. अशा घरात सक्तीच बरी.

पतीचा जीव मात्र धाकधुकीत. “अगं, माझ्या कंपनीचं काय सांगता येतं? हप्ता कमी केलेला बरा.” शंका रास्त आहे. तिचे उत्तर हप्ता कमी करण्यातच आहे असे नाही. चार लाखांतले सगळेच कर्जात न टाकता सहा महिन्यांचे हप्ते, म्हणजे सुमारे १ लाख ३० हजार, मुदत ठेवीत बाजूला ठेवले आणि २ लाख ७० हजार भरले, तर दोघांचेही समाधान होते. कर्जात गेलेले पैसे परत मागता येत नाहीत, ठेव मोडता येते. असे केले तर कर्ज १२६ ऐवजी सुमारे १४१ हप्त्यांत संपेल, निवृत्तीनंतर थोडे पुढे सरकेल. पुढच्या फरकाच्या रकमेत ते भरून काढता येईल. ज्यांच्याकडे आधीच सहा महिन्यांची शिल्लक आहे त्यांना हा काटछाटीचा हिशेब करावा लागत नाही. आपण तेच गृहीत धरून पूर्ण चार लाखांचा हिशेब पुढे नेऊ.

कराचा एक मुद्दा इथेच. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या कर्जव्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. नव्या पद्धतीत राहत्या घराला ती नाही. चार लाख भरले नाहीत तर बाईंचे या वर्षीचे व्याज सुमारे १ लाख ८४ हजार होते. त्या जुन्या पद्धतीत आणि २० टक्क्यांच्या टप्प्यात असतील, तर ८.५ टक्क्यांचे कर्ज त्यांना प्रत्यक्षात पावणेसात टक्क्यांच्या आसपास पडते. कर्ज फेडून मिळणारा लाभही तेवढाच. नव्या पद्धतीत असतील तर पूर्ण ८.५ टक्के. आधी आपली पद्धत कोणती ते पाहावे, मग ठेवीशी तुलना करावी.

हे सगळे आकडे कोणालाही घरच्या घरी काढता येतात. मोबाइलवर किंवा शाळेच्या संगणकावर एक्सेलच्या रिकाम्या चौकटीत हे लिहावे:

```
=NPER(8.5%/12,-21696,1803180)
=PMT(8.5%/12,180,-1803180)
```

पहिली ओळ हप्ता तोच ठेवून उरणारे हप्ते सांगते, १२५.८७. म्हणजे १२५ पूर्ण आणि शेवटचा थोडा लहान. दुसरी ओळ मुदत तीच ठेवून नवा हप्ता सांगते. आपला दर, आपले उरलेले मुद्दल आणि आपला हप्ता घातला की बँकेत जाण्याआधीच उत्तर हातात असते, आणि मग टेबलावर मिळालेला आकडा पडताळता येतो.

बँकेत काय करायचे? पैसे भरण्याआधी लेखी अर्ज द्यायचा. त्यात कर्ज खाते क्रमांक, रक्कम, आणि एक वाक्य: ‘ही रक्कम मुद्दलात अंशतः परतफेड म्हणून जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी.’ हप्ता कमी हवा असेल तर तसे. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्यायचा आणि परतफेडीचा नवा तक्ता मागायचा. हे वाक्य वगळले तर प्रत्येक ठिकाणी वेगळे घडते. अनेक बँकांत नुसते पैसे भरले की हप्ता तोच राहतो आणि मुदत आपोआप घटते, म्हणजे हप्ता कमी हवा होता त्याला तो मिळत नाही. काही ठिकाणी ऑनलाइन भरलेली रक्कम पुढच्या हप्त्यांचा आगाऊ भरणा म्हणून खात्यात पडून राहते आणि मुद्दल कमी होतच नाही. हप्ता दुसऱ्या बँकेच्या खात्यातून कापला जात असेल, तर कापणीची जुनी रक्कम बदलली का तेही पाहावे लागते.

चूक झाली आहे की नाही हे ओळखायला पुढच्या महिन्याचा खातेउतारा पुरतो. त्यात व्याजाची ओळ पाहायची. चार लाख भरण्याआधी ती १५,६०६ ची होती. आता ती १२,७७० च्या आसपास हवी. महिना तीस दिवसांचा की एकतीस, यामुळे दोन-अडीचशे रुपये इकडेतिकडे होतील. पण आकडा अजून साडेपंधरा हजारांच्या आसपास असेल तर चार लाख मुद्दलात पोचलेले नाहीत, आणि रोज ९३ रुपयांचे व्याज फुकट चढते आहे. त्याच दिवशी शाखेत जावे.

आणखी एक गोष्ट वर्षातून दोनदा पाहण्यासारखी आहे, ती म्हणजे उरलेल्या हप्त्यांची संख्या. पाच वर्षांत दर हललाच नाही असे आपण सोयीसाठी धरले होते. प्रत्यक्षात मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. त्या काळात बहुतेक बँकांनी हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवली, आणि कर्जदारांना ते फार उशिरा कळले. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हे कर्जदाराला विचारावे, आणि मध्येच अंशतः परतफेड करण्याची मुभाही द्यावी. विचारणा एखाद्या एसएमएसमधून येते आणि वाचली जात नाही. बाईंचे उरलेले हप्ते १२६ वर आल्यावर दर एका टक्क्याने वाढला आणि हप्ता तोच राहिला, तर हप्ते १३६ च्या पुढे जातील. मुदत त्यांच्या वयाच्या ५८ व्या वर्षापलीकडे जाईल. चार लाख भरून मिळवलेले सहा महिन्यांचे अंतर कोणालाही न कळता संपेल. त्यावेळी हप्ता ९७२ रुपयांनी वाढवून मागितला की मुदत १२६ वरच राहते.

दर उतरतो तेव्हा हेच उलट होते. २०२५ मध्ये रेपो टप्प्याटप्प्याने ६.५ वरून ५.२५ वर आला. हप्ता तोच ठेवला असेल तर उरलेले हप्ते कमी झालेले दिसायला हवेत. दिसत नसतील तर कर्ज कोणत्या दराशी बांधलेले आहे ते शाखेत विचारावे. ऑक्टोबर २०१९ नंतरची बँकांची बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य दराशी, बहुधा रेपोशी, जोडलेली असतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा त्यांचा दर बदलतो. त्याआधीची कर्जे जुन्या पद्धतीत अडकलेली असू शकतात.

बाईंनी अर्ज दिला तो शनिवारी, अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर. पुढच्या महिन्याच्या उताऱ्यात व्याज १२,७७२ आणि मुद्दल ८,९२४ असे दोन आकडे आले. त्यातला दुसरा त्यांनी पेन्सिलीने गोल केला, कारण मागच्या महिन्यात तिथे ६,०९० होते.